खोचून ठेवलेली सुई

नर्सिंगच्या केस चर्चेत आम्ही ही केस मांडतो तेव्हा पहिली दहा मिनिटं कुणालाच त्यात मोठं काही दिसत नाही. म्हणूनच आम्ही ती घेतो. केस चर्चेसाठी रचलेली आहे. तिच्यातल्या सवयी मात्र कुठल्याही वॉर्डात काम केलेल्या माणसाने पाहिलेल्या असतील.

सोलापुरातल्या एका रुग्णालयाचा स्त्री मेडिसिन वॉर्ड. मे महिना, दुपारी पारा ४२च्या पुढे, त्यामुळे जुलाब-उलट्यांनी सुकलेल्या पेशंटची रांग लागलेली. ३४ खाटा आणि रात्रपाळीला दोन स्टाफ. एक सीनियर, नोकरीची अठरा वर्षं झालेली. दुसरी दोन वर्षांपूर्वी पास होऊन आलेली. शिरेत ठेवायची नळी, म्हणजे कॅन्युला, कशी लावायची हे ज्युनियरला याच सीनियरने हात धरून शिकवलेलं आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा अवघडपणा तिच्यातून येतो.

रात्री दहाची अँटिबायोटिक्स सहा पेशंटना शिरेतून द्यायची होती. औषधाआधी कॅन्युला चालू आहे का ते पाहायला पाच मिली सलाइनचा फ्लश आणि औषध गेल्यावर पुन्हा पाच मिली. ट्रॉलीवर १०० मिली नॉर्मल सलाइनची एक बाटली होती, तिच्या रबरी बुचात एक सुई खोचलेली. १०.४० वाजता ज्युनियर ट्रॉलीपाशी आली. सीनियर सहाव्या पेशंटचा पहिला फ्लश आणि औषध देऊन परतली होती आणि दुसऱ्या फ्लशसाठी तीच सिरिंज बुचातल्या सुईला लावून सलाइन ओढत होती. सिरिंजच्या टोकाशी फिकट गुलाबी छटा दिसत होती.

इथे आम्ही थांबतो आणि विचारतो, चूक काय झाली? बहुतेकजणी म्हणतात, एकच सिरिंज सगळ्यांना वापरली. तसं झालेलं नाही. सीनियरने प्रत्येक पेशंटला नवी सिरिंज फोडली होती, आणि ती ते शपथेवर सांगेल. पण त्या नव्या सिरिंजने पहिला फ्लश देताना तिने दट्ट्या थोडा मागे ओढून रक्त परत येतंय का ते पाहिलं, जसं शिकवलं जातं तसंच. म्हणजे सिरिंजमध्ये पेशंटचं रक्त आलं. मग दुसऱ्या फ्लशसाठी तीच सिरिंज बाटलीतल्या सुईला लावली. सिरिंजच्या टोकाचं रक्त सुईच्या मुळाशी लागलं आणि तिथून बाटलीत उतरायची वाट मोकळी झाली. पुढच्या पेशंटची नवी, निर्जंतुक सिरिंज त्याच सुईतून भरली गेली. पेशंट बदलला, सिरिंज बदलली, पण सुई आणि बाटली तीच राहिली.

सुई बदलली असती तर? तरीही नाही. सिरिंजवरून सुई काढताना आत किंचित ओढ बसते आणि सुईतलं रक्त सिरिंजमध्ये येतं. म्हणून सुई बदलून सिरिंज ठेवणं हा उपाय नाही. शिवाय रक्त डोळ्यांना दिसलंच पाहिजे असंही नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू न दिसणाऱ्या रक्तातूनही पसरतो आणि शरीराबाहेर निदान सात दिवस तग धरतो. साध्या सलाइनमध्ये जंतूंची वाढ रोखणारं काही घातलेलं नसतं. बुचात सुई खोचून ठेवली की बाटलीला चोवीस तास उघडं तोंड मिळतं, आणि वैशाखातल्या आपल्या वॉर्डाचं तापमान जंतूंना मानवणारंच असतं. शक्यतो फ्लशसाठी दहा मिलीची एकदाच वापरायची अँप्युल वापरावी. ती नसेल आणि मोठीच बाटली वापरावी लागली, तर ती एका पेशंटपुरती, तिच्यावर त्याचं नाव, उघडल्याची तारीख-वेळ, आणि प्रत्येक वेळी नवी सुई, नवी सिरिंज. सुई बुचात ठेवायची नाही, मग कामाची कितीही घाई असो.

आता प्रश्न नीतीचा. ज्युनियरने काय करायचं?

पहिलं काम तक्रारीचं नाहीच, ते हात थांबवण्याचं आहे. सहाव्या पेशंटला दुसरा फ्लश जायच्या आत. आणि तो पेशंटसमोर आवाज न चढवता थांबवायचा. “सिस्टर, ही सिरिंज राहू द्या, मी नवीन आणते. बाटलीही बदलूया,” एवढं पुरतं. पेशंटच्या उशाशी वाद घातला तर दोन गोष्टी बिघडतात. पेशंट घाबरतो आणि सीनियर स्वतःच्या बचावात उतरते. मग पुढच्या अर्ध्या तासात तिच्याकडून जी माहिती हवी आहे ती मिळत नाही. बाटली लगेच बाजूला घ्यायची, पण सिंकमध्ये ओतायची नाही. सुई चिमट्याने काढून पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात टाकायची. बाटलीवर ‘वापरू नये’, तारीख, वेळ लिहून ती इन्चार्जकडे द्यायची म्हणून वेगळी ठेवायची. बाटली फेकली की किती सलाइन गेलं याचा एकमेव पुरावा जातो.

त्या पुराव्याचा उपयोग पाहा. बाटलीत अंदाजे ४० मिली उरलं होतं, म्हणजे ६० गेलं. एका फ्लशला पाच मिली धरलं तर बारा वेळा ओढलं. औषधांच्या चार्टवर दहाच्या खान्यात सहा सह्या आहेत; सहा पेशंट, दोन-दोन फ्लश, बारा. शेवटची ओढ पेशंटला गेली नाही, ती सिरिंजमध्येच अडली. हिशेब जुळला. तो जुळला नसता, समजा सह्या सहा पण बाटलीत वीसच मिली उरलं असतं, तर याच बाटलीतून आधीच्या पाळीतही कुणाला तरी दिलं गेलं असं धरून यादी मागे न्यावी लागली असती. बाटलीवर उघडल्याची वेळ लिहिलेली नव्हती. त्यामुळे सीनियरने “मीच रात्री नऊला फोडली” म्हटलं तरी संध्याकाळच्या पाळीला विचारणं भाग होतं. त्यांनी नाही म्हटलं, तेव्हा यादी सहावर थांबली.

सहापैकी तिसऱ्या पेशंटच्या केस पेपरवर एचबीएसएजी पॉझिटिव्ह, म्हणजे रक्तात हिपॅटायटिस बी, असा शेरा होता. इथे चर्चेत हमखास कुणीतरी म्हणतं, मग पहिल्या दोघींना सोडा, चौथी-पाचवी-सहावीच पाहा. आम्ही याला ठाम नकार देतो. पेशंटचा क्रम सीनियरच्या आठवणीवर आहे आणि रात्री पावणेअकराची आठवण पुरावा म्हणून चालत नाही. दुसरं, तिसरीचा आजार माहीत आहे म्हणून तिचं नाव पुढे आलं. पहिलीच्या रक्तात काय आहे हे कुणी तपासलेलंच नाही. सहाही जणींना सारखंच धरायचं, तिसरीलाही, कारण तिलाही दुसऱ्यांचं रक्त गेलेलं असू शकतं.

आणि हे ‘उद्या बघू’ का चालत नाही, तर घड्याळामुळे. लस न घेतलेल्या माणसाचा हिपॅटायटिस बीच्या रक्ताशी संपर्क आला तर लस आणि इम्युनोग्लोब्युलिन जितकं लवकर तितकं चांगलं, शक्यतो २४ तासांत. असा संपर्क होऊन सात दिवस उलटले की इम्युनोग्लोब्युलिनचा उपयोग होईल याची खात्री देता येत नाही. एचआयव्हीची शंका असेल तर प्रतिबंधक गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात आणि २८ दिवस घ्याव्या लागतात. काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. पण डॉक्टरला कळेपर्यंतचे तास नर्सच्या हातात असतात. मैत्रिणीला एक संधी द्यावी म्हणून सोमवारपर्यंत गप्प राहणाऱ्या ज्युनियरने ती संधी त्या सहाजणींच्या पदरातून काढून दिलेली असते, आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

म्हणूनच ‘आधी समोरासमोर बोलावं की वर कळवावं’ या जुन्या वादात आमचं मत असं आहे. सहकारी हात न धुता कॅन्युला लावायला निघाली आणि तुम्ही तिला थांबवलं, तिने हात धुतले, तर बोलणं पुरेसं. पेशंटपर्यंत काही पोहोचलेलं नाही. पण जे झालं ते पेशंटच्या शिरेत गेलं असेल तर बोलणं हे कळवण्याच्या जागी येत नाही. बोलायचं, आणि कळवायचंही. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेची आचारसंहिता २०२१ मध्ये सुधारली गेली. तिच्यात हे स्पष्ट आहे: सहकाऱ्यामुळे पेशंटची काळजी धोक्यात येत असेल तर परिचारिकेने त्याच्या रक्षणासाठी योग्य ती पावलं उचलावीत. हेतू वाईट असण्याची अट त्यात नाही. या केसमध्ये तर हेतू चांगलाच होता.

फोन आधी, कागद नंतर. १०.५५ला ज्युनियरने रात्रीच्या सुपरवायझरला आणि ड्युटीवरच्या डॉक्टरला कळवलं आणि दोघांची वेळ आपल्या वहीत टिपली. त्याआधी तिने आणखी एक काम केलं, जे बहुतेकजणी टाळतात. ती सीनियरकडे गेली. “सिस्टर, मी हे कळवणार आहे आणि सकाळी जायच्या आधी लिहून देणार आहे. तुमचंही म्हणणं तुम्ही लिहा. अँप्युल नव्हत्या, बाटल्याच मिळत होत्या, हेही लिहा.” सीनियरचं उत्तर काय असेल ते तुम्हाला ठाऊक आहे: “अठरा वर्षं अशीच करतेय, कुणाला काय झालं?” यावर वाद घालायचा नसतो. हिपॅटायटिस बी कळायला दोन-तीन महिने लागतात. तोवर पेशंट आपल्या गावी अक्कलकोटला किंवा मंगळवेढ्याला गेलेली असते. कावीळ झाली तर ती तिथल्या डॉक्टरकडे जाते. आपल्या वॉर्डाला ते कधी कळणारच नाही, म्हणून ‘कुणाला काय झालं नाही’ हे कुणालाच सांगता येत नाही.

आता कागद. इन्सिडेंट रिपोर्टमध्ये बिघडतं ते इथेच, म्हणून पहिल्या खेपेला विद्यार्थिनी काय लिहितात ते जसंच्या तसं दाखवतो:

“सीनियर सिस्टर नेहमी निष्काळजीपणे काम करतात. त्यांनी सर्व पेशंटना दूषित सलाइन दिले. अशाने पेशंटच्या जिवाला धोका होऊ शकतो.”

यात पाहिलेलं एकही वाक्य नाही. ‘नेहमी’ कुणी मोजलं? ‘दूषित’ हे कुठल्या तपासणीवरून? ‘सर्व’ म्हणजे ३४ की सहा? चौकशीत यातले दोन शब्द खोटे पडले की उरलेलंही कुणी मानत नाही. तेच असं लिहावं:

“दि. … रोजी रात्री १०.४० वाजता बेड १७ च्या ट्रॉलीवर १०० मिली एनएसची बाटली पाहिली. बुचात सुई खोचलेली होती. बाटलीवर पेशंटचे नाव किंवा उघडल्याची वेळ नव्हती. बेड १७ला पहिला फ्लश दिलेली सिरिंज पुन्हा त्याच सुईला लावून अंदाजे ५ मिली ओढलेले पाहिले. सिरिंजच्या टोकाशी गुलाबी रंग दिसला. दुसरा फ्लश थांबवला. बाटलीत अंदाजे ४० मिली शिल्लक. रात्री १०च्या औषधांच्या चार्टवर सहा पेशंटच्या नोंदी आहेत. त्यातल्या बाकीच्या पाचजणींना फ्लश देताना मी पाहिलेले नाही. १०.५५ला सुपरवायझर व डॉक्टरांना कळवले. ता.क. वॉर्डात १० मिली एनएस अँप्युल उपलब्ध नाहीत. इंडेंट वही पाहावी.”

यातलं ‘मी पाहिलेले नाही’ हे वाक्य सगळ्यात मोलाचं. ज्युनियरने फक्त सहावी पाहिली. बाकीच्या पाचजणींबद्दल ती चार्टवरून सांगते आणि तसं कबूल करते. त्यामुळे तिच्या उरलेल्या शब्दांना वजन येतं. पेशंटच्या केस पेपरमध्ये मात्र हा फॉर्म जोडत नाहीत. तिथे त्या पेशंटला काय घडलं, डॉक्टरांना केव्हा कळवलं आणि काय सांगितलं गेलं, एवढी उपचाराची नोंद जाते. ती लपवायचीही नाही.

आणि फोटो. बाटलीचा फोटो काढून वॉर्डाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकणं ही तक्रार नव्हे. मागे बेडचं कार्ड येतं, पेशंटचं नाव येतं, आणि सीनियरचं म्हणणं ऐकायच्या आधीच तिचा निकाल लागलेला असतो. कळवायची जी वाट आहे तिच्यात ज्याला कळायला हवं त्याला कळतं, बाकीच्यांना नाही.

शासकीय रुग्णालयात ही वाट परिसेविका, सहाय्यक अधिसेविका, अधिसेविका अशी वर जाते. खासगीत इन्चार्ज, सुपरवायझर, मेट्रन. संसर्ग नियंत्रणाचं काम पाहणारी नर्स असेल तर तिला वेगळी प्रत द्यायची. सकाळी इन्चार्ज म्हणाली, “घरातली गोष्ट आहे, फाडून टाक,” तर? होतं असं. फॉर्म परत घ्यायचा नाही. दोन प्रती करायच्या, एकीवर पोच म्हणून सही आणि तारीख मागायची. सही मिळत नसेल तर तेच कागद वरच्या अधिकाऱ्याकडे, ‘अमुक वेळी अमुक ठिकाणी दिले’ असं एक वाक्य जोडून. त्यानंतर वैद्यकीय अधीक्षक. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असलेल्या परिचारिकेविरुद्ध तक्रार करता येते, पण आमच्या मते या केससाठी ती वाट नाही. कौन्सिलकडे कधी जायचं? जेव्हा आधी लेखी समज दिलेली असूनही तेच चालू राहतं, किंवा कुणी चार्टवर मागच्या वेळेच्या सह्या करून घडलेलं झाकतं. चुकीची सवय आणि झाकाझाक यांना एकाच पारड्यात घालू नये.

सीनियरची चूक कुठून आली, याचा शोध वॉर्डाच्या इंडेंट वहीत लागला. दोन महिन्यांपासून अँप्युलच्या जागी ‘उपलब्ध नाही’ असा शेरा आणि त्याऐवजी १०० मिलीच्या बाटल्या. ३४ पेशंटना दोन स्टाफ असताना प्रत्येकीला स्वतंत्र बाटली काढणं, लेबल लावणं, प्रत्येक फ्लशला नवी सुई घेणं म्हणजे रात्रीच्या दहाच्या औषधांना किती नव्या सुया-सिरिंज लागतील ते मोजा. हे मोजून फार्मसीला कुणी सांगितलं नव्हतं. सीनियरने मधली वाट काढली, तिला ती सुरक्षित वाटली आणि शेजारच्या वॉर्डातही तीच पद्धत निघाली. म्हणून सीनियरवर कारवाई म्हणून निलंबन ही मागणी चर्चेत कुणी केली, तर आम्ही विचारतो: तिला काढलं आणि बाटल्या तशाच राहिल्या, तर पुढच्या रात्री ती सुई कोण खोचेल? तिला पुन्हा प्रशिक्षण, महिनाभर तिच्या कामाचं निरीक्षण, आणि तिच्याच मदतीने फ्लशची नवी पद्धत लिहून काढणं, हे आम्हाला जास्त योग्य वाटतं. याने तिची जबाबदारी जात नाही. प्रशिक्षणाची नोंद तिच्या फाइलमध्ये जाते आणि पुन्हा तेच घडलं तर ती नोंदच बोलते.

पेशंटना सांगणं हा भाग सोलापुरात नाजूक आहे आणि त्याला वेळ द्यावा लागतो. सांगतात डॉक्टर, नर्स सोबत असते. ज्युनियरने मध्यरात्री एकटीने सांगत सुटायचं नाही. पण पेशंटने सरळ विचारलं तर ‘काही नाही’ असं खोटंही बोलायचं नाही. “डॉक्टर येऊन तुम्हाला नीट सांगणार आहेत,” एवढं खरं आहे. सहापैकी दोघी पूर्व भागातल्या विडी कामगार, घरात तेलुगू. एक इंडीकडची, कन्नड. जुजबी मराठीत ‘रक्ताचा संपर्क’ म्हटलं तर त्या मान डोलावतात आणि काहीही समजलेलं नसतं. भाषा येणारी स्टाफ बोलवायची. शाळेत जाणाऱ्या मुलीला मधे घालून आईला हे सांगायचं नाही. काय सांगायचं: फ्लश देण्याच्या पद्धतीत चूक झाली, दुसऱ्या पेशंटच्या रक्ताचा अंश येण्याची शक्यता आहे, शक्यता किती ते आज सांगता येत नाही, तपासण्या आणि लस यांचा खर्च रुग्णालय करेल. कोणत्या बेडच्या पेशंटला काय आजार आहे, हे सांगायचं नाही. तिसरीला आपल्या आजाराचं नाव वॉर्डभर झालेलं कळलं, तर एका चुकीवर दुसरी झाली.

त्यांच्यातली एक दुसऱ्या दिवशी दुपारीच डिस्चार्ज घेऊन अक्कलकोटला जाणार होती. सकाळी सात वाजता तिचं पहिलं रक्त घेतलं गेलं, केवळ ज्युनियरने रात्री फोन केला म्हणून. केस पेपरवरचा मोबाइल नंबर तिच्या दिराचा होता. तिला विचारून तिचा स्वतःचा, शेजारणीचा असे आणखी दोन नंबर घेतले आणि दिराला फोन गेला तर ‘तपासणीसाठी यायचं आहे’ यापलीकडे एक शब्द बोलायचा नाही, असं रजिस्टरवर लाल शाईने लिहिलं. लसीचे पुढचे डोस एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी. हिपॅटायटिस सीला प्रतिबंधक औषध नाही, म्हणून तीन ते सहा आठवड्यांत विषाणूची तपासणी आणि चार ते सहा महिन्यांनी अँटिबॉडीची.

रजिस्टरमध्ये सहा ओळी आहेत. प्रत्येक ओळीत पुढच्या तारखा आधीच लिहिलेल्या, समोर सहीची जागा रिकामी. नोव्हेंबरपर्यंत त्या भरायचं काम इन्चार्जने त्याच दोघींना दिलं, सीनियर आणि ज्युनियर. ज्युनियरला दुसऱ्या वॉर्डात हलवायचं असं आधी ठरत होतं, ‘वातावरण निवळावं म्हणून’. अधिसेविकांनी ते थांबवलं. कळवणाऱ्याची बदली झाली तर बाकीच्या साऱ्या स्टाफने त्यातून काय घ्यायचं ते घेतलंच असतं.